तळाशी एकटं पडलेलं शीर्षक

आमच्या सोसायटीचं दोन स्तंभांचं वार्तापत्र मी वर्डमध्ये लावते. गेल्या अंकात ‘पाणीपुरवठा’ हे शीर्षक डाव्या स्तंभाच्या तळाशी एकटंच राहिलं आणि त्याचा मजकूर उजव्या स्तंभाच्या माथ्यावर गेला. वाचणाऱ्याला वाटतं, मजकूर छापायचाच राहिला.

अशा वेळी एंटर दाबून शीर्षक खाली ढकलायचा मोह होतो. पण वर एक ओळ वाढली की सगळं पुन्हा बिघडतं. खरा उपाय परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये आहे: शीर्षकावर `Keep with next` लावा. मग ते पुढच्या परिच्छेदाला धरूनच सरकतं. माझं तरीही सरकेना, कारण शीर्षकाखाली मी एक रिकामी ओळ सोडली होती आणि शीर्षक त्या रिकाम्या ओळीलाच बांधलं गेलं होतं. ती काढून `Spacing After` मध्ये 6 पॉइंट दिले, तेव्हा जमलं.

शेवटच्या पानावर डावा स्तंभ पूर्ण भरलेला, उजव्यात जेमतेम चार ओळी. तिथे मजकुराच्या अगदी शेवटी `Continuous` सेक्शन ब्रेक टाकला की वर्ड दोन्ही स्तंभ सारखे वाटून देतो. ओळी विषम असतील तर एका ओळीचा फरक राहतो, तो राहू द्यावा.