शिकवणीच्या जाहिरातीचं चित्र: फळा पुसलेला, मुलं वेगवेगळी, ऊन एकाच खिडकीतून

मे महिना संपत आला की आपल्या गटांतल्या शिकवणी घेणाऱ्या ताया पत्रकाच्या मागे लागतात. पूर्वी फ्लेक्सवाल्याकडे जे तयार चित्र असेल ते लागायचं. आता मोबाईलवर वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारी एआयची साधनं आली आहेत, त्यामुळे बऱ्याच जणी घरबसल्या चित्र करतात. पण त्यातली कितीतरी चित्रं पाहताक्षणी खोटी वाटतात आणि पालक पत्रक बाजूला ठेवतात. असं का होतं आणि काय केलं की टळतं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा एक ताई घराच्या पडवीत पाचवी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. तिने मोबाईलवर लिहिलं, "कोचिंग क्लासमध्ये खूप मुलं शिकत आहेत, फळ्यावर मराठीत गणित लिहिलेलं आहे, सुंदर चित्र." समोर काय येतं? एसीचा हॉल, निळे कोट घातलेली तीस मुलं, सगळ्यांचं एकच हसू, जशी काही जुळी भावंडं. फळ्यावर मराठीसारखं दिसणारं पण वाचता न येणारं काहीतरी. शिकवणीच्या जाहिरातीत फळ्यावरच अशुद्ध अक्षर असेल, तर तिथे पोरं कोण पाठवेल?

आधी फळ्याचं पाहू. चित्र काढणारं साधन आपल्यासारखं अक्षर ओळखून लिहीत नाही, ते अक्षराचा आकार चित्र म्हणून उमटवतं. झाड काढताना एक फांदी इकडे-तिकडे झाली तर चालतं, पण अक्षरात एक रेघ चुकली की शब्द गेला. त्यात आपल्या मराठीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं. 'विद्यार्थी' या एकाच शब्दात हे बहुतेक सगळं आहे. नवी साधनं मोठे, एक-दोन शब्द बरेचदा बरोबर काढतात, पण बारीक मजकुरात अजूनही घोटाळा होऊ शकतो. म्हणून साधनाकडून लिहूनच घेऊ नका.

इथे एक गंमत आहे. "फळ्यावर अक्षरं नकोत" असं लिहिलं तरी पुष्कळदा अक्षरं येतातच, कारण 'अक्षरं' हा शब्द तुम्ही उच्चारलेला असतो. त्याऐवजी जे हवं तेच सांगा: "नुकताच डस्टरने पुसलेला फळा, त्यावर खडूचे पुसट पांढरे पट्टे." असा फळा कोरा असूनही खरा वाटतो. मजकूर शिरायच्या बाकीच्या जागाही अशाच बंद करायच्या. भिंतीवर तक्ते-कॅलेंडर नाही, भिंत साधी चुन्याची. वह्या मुलांच्या पुढ्यात पण पान आपल्याकडे नाही. शर्ट साधे किंवा चौकटीचे, दप्तरं एका रंगाची.

आता चेहरे. "खूप मुलं" किंवा "वीस मुलं" म्हटलं की साधन एकच सरासरी चेहरा पुन्हा पुन्हा काढतं, आणि मागच्या रांगेतले लहान चेहरे तर मेण वितळल्यासारखे होतात. मुलं पाच-सहाच ठेवा आणि प्रत्येकाला एक वेगळी खूण द्या. दोन वेण्या घातलेली सावळी मुलगी, चष्मा लावलेला किडकिडीत मुलगा, गुबगुबीत गालांचा लहानगा. प्रत्येकाचं लक्षही वेगळीकडे असू द्या, वर्गात सगळी मुलं एकाच वेळी हसत कॅमेऱ्याकडे बघत नसतात. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे वर्ग मागच्या कोपऱ्यातून पाहायचा. मग दोघा-तिघांच्या पाठी दिसतात, दोघांचे चेहरे एका बाजूने दिसतात आणि चुकायला जागाच कमी उरते.

उजेडाचंही तसंच. नुसतं "छान उजेड" म्हटलं की प्रत्येक चेहऱ्यावर ट्यूबलाइटसारखा सारखाच उजेड पडतो, सावल्या कुठेही जातात. उजेड कुठून येतो आणि किती वाजता, ते सांगा. शाळेच्या खोलीत खिडकी मुलांच्या डाव्या हाताला चांगली, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. आपल्या चित्रातही तीच जागा धरा. आणि 'सुंदर', 'सिनेमासारखं', 'चकचकीत' हे शब्द काढून टाका, त्यांनीच कातडी प्लॅस्टिकची होते.

मग त्या ताईची मागणी अशी होते:

"महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या घराची पडवी, चुन्याच्या साध्या भिंती, खाली सतरंजी. मागच्या कोपऱ्यातून काढलेला साधा मोबाईल फोटो. पुढे नुकताच पुसलेला काळा फळा, खडूचे पुसट पट्टे. सुती साडीतली चाळिशीची शिक्षिका खडू घेऊन उभी. पाच मुलं सतरंजीवर, घरच्या कपड्यांत: दोन वेण्यांची सावळी मुलगी वहीत लिहिते आहे, चष्म्याचा किडकिडीत मुलगा फळ्याकडे पाहतो आहे, बाकी तिघे पाठमोरे, वेगवेगळ्या उंचीचे. सकाळी आठचं ऊन डाव्या खिडकीतून, सतरंजीवर उन्हाचा पट्टा, दिवे बंद."

पडवी आणि सतरंजी मुद्दाम लिहिली आहे. तुमच्याकडे बाकं नसतील तर चित्रातही नकोत. गावात सगळ्यांना तुमचं घर माहीत असतं. चार चित्रं काढून त्यातलं एक निवडा.

निवडलेलं चित्र दोन बोटांनी मोठं करून बघा. हाताची बोटं मोजा, पेन बोटांतून आरपार गेलंय का पाहा. सगळ्या सावल्या खिडकीच्या उलट बाजूला, म्हणजे इथे उजवीकडे हव्यात. दोन चेहरे सारखे वाटले तर सगळं चित्र नव्याने काढू नका. बहुतेक साधनांत तेवढा भाग निवडून "या मुलाचे केस कुरळे, चेहरा उभट" असं सांगता येतं.

मजकूर सगळ्यात शेवटी. चित्राखाली रंगीत पट्टी घेऊन, फोटोवर लिहायच्या ॲपमध्ये स्वतः टाइप करा: शिकवणीचं नाव, इयत्ता, वेळ, फी, फोन. फळ्यावरच लिहायचं असेल तर एखादाच शब्द, आणि रंग झगझगीत पांढरा न घेता खडूसारखा थोडा मळका. त्या काल्पनिक मुलांखाली गुण किंवा नावं मात्र टाकू नका. ती मुलं नाहीतच, मग ते गुण कुणाचे? कोपऱ्यात 'चित्र काल्पनिक' एवढं लिहिलं की शंका राहत नाही. (खोली चांगली असेल आणि पालकांनी लेखी परवानगी दिली असेल, तर मी म्हणेन सरळ खरा फोटोच काढा.)

छापताना दोन गोष्टी बघा. मोफत साधनांतलं चित्र बहुधा रुंदीला हजार ते दीड हजार बिंदूंचं असतं. ए-फोरच्या अर्ध्या कागदावर ते स्पष्ट येतं, पण सहा फुटी फ्लेक्सवर एका इंचाला पंधरा-वीसच बिंदू येतात आणि जवळून चेहरे फिसकटलेले दिसतात. फ्लेक्स करायचाच तर चित्र लहान आणि अक्षरं मोठी ठेवा. दुसरं, काही दुकानांतल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आपला मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी पुढे-मागे होते. म्हणून मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून न पाठवता चित्रातच पक्का करून, फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप ती बारीक करतं. आणि एक प्रत छापून घेऊन 'इयत्ता', 'प्रवेश', 'विद्यार्थी' हे शब्द बोट ठेवून वाचल्याशिवाय पाचशे प्रतींचे पैसे देऊ नका.