गटात आलेली फाइल आणि पहिला तास

उरण तालुक्यातील करंजा हे गाव धरमतर खाडीच्या मुखाशी, रेवसच्या समोर वसलेले असून मासेमारी हा तेथील अनेक कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय आहे. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून शेतकरी व मच्छीमार यांच्या योजनांची वार्ता एकाच चावडीवर होऊ लागली आहे. ही चावडी म्हणजे हल्ली बहुतेक ठिकाणी मोबाइलवरील गावचा व्हॉट्सॲप गट होय. डिझेल परताव्याची रक्कम केव्हा येणार, किसान क्रेडिट कार्डाचे कागद कोठे द्यावयाचे, केवायसी राहिली आहे काय, या गोष्टी आता तेथेच विचारल्या जातात. पावसाळी बंदीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यास ओढलेल्या असतात, हातात पैसा कमी व वेळ अधिक असतो, आणि जाळी, इंजिन, बर्फ यांच्या खर्चाची चिंता डोक्यावर असते. फसविणाऱ्याचा संदेश नेमका अशा वेळी येऊन पोहोचतो.

अशा संदेशांचे रूप निरनिराळे असते. कोणास लॉटरीचे पंचवीस लाख लागलेले असतात. कोणास जवळच्या बंदरात किंवा नव्या विमानतळावर नोकरी मिळणार असते व त्यासाठी केवळ नोंदणी शुल्क भरावयाचे असते. कोणास घरबसल्या चित्रफितींना पसंती देण्याचे काम मिळते, पहिल्या दिवशी शेदीडशे रुपये खरोखरच खात्यात येतात आणि चौथ्या दिवशी पुढील कामासाठी मोठी अनामत मागितली जाते. न काढलेल्या तिकिटास बक्षीस लागत नाही आणि खरा मालक कामगाराकडून पैसे घेत नाही, एवढे ध्यानी ठेवल्यास या दोन प्रकारांतून मनुष्य बहुधा सुटतो. परंतु तिसरा प्रकार कठीण आहे, कारण त्यात लोभ दाखविलेला नसतो. “आपली केवायसी अपूर्ण असल्याने हप्ता थांबला आहे” किंवा “आज रात्री आपले खाते बंद होईल” एवढेच त्यात म्हटलेले असते, आणि सोबत एक फाइल जोडलेली असते. प्रस्तुत लेखात या फाइलीचाच विचार करावयाचा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, करंजा येथील एका नाखव्याच्या गटात सकाळी सव्वादहास पीएम किसान योजनेच्या नावाची फाइल आली. पाठविणारा परका नसून गटातीलच एक ओळखीचा मनुष्य आहे, म्हणून नाखव्यास शंका येत नाही. वस्तुतः त्या मनुष्याने ती पाठविलेलीच नसते. त्याच्या मोबाइलमध्ये आदल्या दिवशी हीच फाइल बसली व तिने त्याच्या नावाने सर्व गटांत स्वतःच्या प्रती धाडल्या. सबब संदेश कोणाकडून आला यावरून त्याची पारख होऊ शकत नाही.

पारख फाइलीच्या नावाच्या शेपटावरून करावी. छायाचित्राच्या नावाअखेर jpg व कागदपत्राच्या नावाअखेर pdf असते. ज्या नावाच्या शेवटी .apk ही अक्षरे आहेत ती पत्रिका नव्हे, यादी नव्हे व अर्जही नव्हे. तो मोबाइलमध्ये बसणारा एक संपूर्ण कार्यक्रम, म्हणजेच ॲप असते. कोणतेही शासकीय खाते किंवा बँक आपले ॲप गटातून वाटीत नाही. पीएम किसानची केवायसी pmkisan.gov.in या संकेतस्थळावर, योजनेच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा सामायिक सेवा केंद्रात अंगठा देऊन होते. चौथा मार्ग नाही.

फाइलीऐवजी लिंक आली असेल तर तिचा पत्ता वाचण्याची एक रीत आहे. आपण टपालाच्या पत्त्यात गाव शेवटी लिहितो, तसेच येथेही खरे ठिकाण शेवटी असते. आरंभीचे https:// वगळून पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा व तो उजवीकडून वाचावा. उदाहरणार्थ, pmkisan.gov.in.kyc-labh.xyz या बनावट पत्त्यात आरंभी सरकारी नाव दिसते खरे, पण त्याचे गाव kyc-labh.xyz आहे, पुढचे सरकारी नाव केवळ दारावर रंगविलेले आहे. केंद्र व राज्य शासनाचे पत्ते सामान्यतः gov.in येथे संपतात. बँकांनी आपले पत्ते bank.in या शेवटाचे करावेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ साली दिला व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठेवली होती. मात्र पडद्यावर निळ्या अक्षरांत दिसणारे नाव व आतील पत्ता निराळे असू शकतात, म्हणून बँकेचा पत्ता पासबुकावरून पाहून स्वतः टाइप करावा हे उत्तम.

आता आपल्या नाखव्याकडे वळू. दहा वाजून वीस मिनिटांनी त्याने फाइलीवर बोट ठेवले. मोबाइलने अडविले: अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू द्यावे काय? त्याने होकार दिला. नंतर ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. सर्व प्रकरणाचे मर्म येथे आहे. हप्त्याची माहिती देणाऱ्या ॲपास आपले एसएमएस वाचण्याचे काहीच प्रयोजन नसते. परंतु बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो. ही परवानगी मिळताच ओटीपी आपणांस दिसण्यापूर्वीच दूर बसलेल्या ठकास दिसतो व पुष्कळदा आपल्या पडद्यावरून पुसलाही जातो. “मी तर कोणालाही ओटीपी सांगितला नाही” असे फसलेला मनुष्य शपथेवर सांगतो, आणि ते खरेच असते.

पुढे हुबेहूब सरकारी दिसणारा अर्ज उघडला. त्यात नाव व आधार क्रमांक भरून घेतल्यावर खाते तपासण्यासाठी एक रुपया भरा, असे सांगून एटीएम कार्डाचा क्रमांक, मुदत व पाठीमागील तीन अंक विचारले. नाखव्याने ते भरले. पडदा फिरत राहिला. जाळ्यांसाठी राखलेले बासष्ट हजार रुपये त्या खात्यात होते. दहा चाळीस व दहा बेचाळीस वाजता प्रत्येकी १९,९९९ रुपये गेले, आणि हे त्याला कळले ते पुतण्याने बँकेची शिल्लक विचारून पाहिली तेव्हा.

“काका, फोन माझ्याकडे द्या आणि तुम्ही आईच्या फोनवरून बँकेला लावा,” असे पुतण्या म्हणाला. त्याने केलेला क्रम सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रथम त्याने विमानाचे चित्र असलेली कळ दाबून मोबाइलचा सर्व संपर्क तोडला व वायफायही बंद असल्याची खात्री केली, म्हणजे ॲपास बाहेर काही पाठविता येईना. नंतर सिम काढून घरातील दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलमध्ये घातले. त्यामुळे यापुढील ओटीपी तेथे येऊ लागले. तोवर काकांनी कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावरून कार्ड बंद करविले व खात्यातून होणारी ऑनलाइन देवघेव थांबविण्यास सांगितले. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये; तेथेही ठकांनी आपले क्रमांक पेरलेले असतात.

यानंतर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ व व्यवहाराचा संदर्भ क्रमांक ते विचारतात. ही माहिती पैसा ज्या बँकेत किंवा पाकिटात गेला तिकडे तत्काळ कळविली जाते आणि तेथे तो शिल्लक असल्यास रोखून धरला जातो. ठक तो एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात हलवीत असतो, म्हणून येथे मिनिटांचे मोल आहे. रोखलेली रक्कम पुढे परत मिळू शकते. रोख काढली गेलेली रक्कम मात्र सहसा हाती येत नाही. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करावी. करंजा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने तेथील रहिवाशांना उरण परिसरातील पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार देता येते.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमाचे तत्त्व असे की, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्याने नुकसान झाले असेल तर बँकेस कळवीपर्यंतचा तोटा त्याचा, परंतु कळविल्यानंतरचा तोटा बँकेचा. आपल्या उदाहरणात पहिले दोन व्यवहार नाखव्याच्या बाजूस पडतात. तक्रारीनंतर तिसरा झाला असता तर तो बँकेच्या बाजूस पडला असता. म्हणून पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी. लाजेने दोन दिवस गप्प बसणारे पुष्कळ आढळतात. ती लाज फार महाग पडते.

बोट लागले म्हणजे सर्वस्व गेले, असेही नाही. केवळ लिंक उघडली, काही भरले नाही व काही बसविले नाही, तर पान बंद करावे, उतरलेली फाइल असल्यास पुसावी, व काही दिवस खात्यावर लक्ष ठेवावे; बहुधा एवढे पुरते. कार्डाची माहिती किंवा पिन भरला असेल, तर कार्ड बंद करून पिन व पासवर्ड बदलावे. फाइल बसविली असेल, तर मात्र वर सांगितलेला सर्व क्रम पाळावा, आणि पासवर्ड त्या मोबाइलवरून कधीही बदलू नयेत, कारण नवा पासवर्डही त्याच वाटेने जाण्याचा संभव असतो.

रोगट मोबाइल स्वच्छ करण्याचे काम शेवटी, सावकाशीने करावे. कित्येकदा अशा ॲपचे चित्र पडद्यावरून नाहीसे होते, तेव्हा सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत ते शोधावे लागते. काढून टाकण्याची कळ मंद दिसत असेल तर ॲपने मोबाइलचे प्रशासक अधिकार घेतले आहेत असे समजावे व प्रथम ते काढावेत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे संदेशांची, चुकलेल्या व्यवहारांची व त्या फाइलीच्या नावाची छायाचित्रे दुसऱ्या मोबाइलने काढून घेणे, कुटुंबाची छायाचित्रे बाहेर उतरवून ठेवणे आणि मग मोबाइल कारखान्यातून आला तसा कोरा करणे. पुरावा घेतल्यावाचून कोरा करू नये. व्हॉट्सॲपमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव असल्यास तेही काढावे.

गटातील लोकांना दुसऱ्या मोबाइलवरून कळवावे की, माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका. ज्याच्या नावाने ती आपल्याकडे आली त्यासही दूरध्वनी करावा. त्यास अद्याप पत्ताही नसेल. पैसे गेले नसतील तर sancharsaathi.gov.in वरील चक्षू या सोयीवर संशयित क्रमांकाची नोंद करता येते. आणि आठवडाभराने “आपली बुडालेली रक्कम परत मिळवून देतो, तीन हजार रुपये शुल्क भरा” असा दूरध्वनी आला, तर तो करणारा बहुधा पहिल्याच टोळीतील असतो, कारण नाखव्याचे नाव, क्रमांक व गेलेली रक्कम त्यांच्या वहीत आधीच लिहिलेली असते.