आवडतोस की आवडतेस?

पुण्यातल्या एका ऑफिसात बंगाली मैत्रिणीला मराठी शिकवणारा मुलगा हळूच म्हणतो, "म्हण, मला तू आवडतेस." ती तस्संच म्हणते आणि शेजारचे हसतात. 'आवडणे' हे क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलत नाही. जी व्यक्ती आवडते, तिच्याप्रमाणे बदलतं. म्हणजे तिने 'आवडतोस' म्हणायला हवं होतं.

मग ती त्याला शिकवते, "तोमाके आमार भालो लागे." बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे इथे तो चुकत नाही. बंगालीतली गंमत सर्वनामात आहे. 'आपनि'वरून 'तुमि'वर येणं ही जवळीक वाढल्याची खूण.

मात्र अर्थ लपवून असं वाक्य कुणाकडून वदवून घेऊ नये. अर्थ कळल्यावरही तिने ते आपणहून पुन्हा म्हटलं, तरच पुढचा धडा घ्यावा.