प्रस्तावनेत किती सांगावं?

सहकाऱ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची वेळ आली की आपण बहुतेक जण एकच चूक करतो. अनुक्रमणिका समोर ठेवतो आणि लिहीत सुटतो: पहिल्या प्रकरणात हे आहे, दुसऱ्यात ते आहे. दहा पानं होतात आणि वाचकाला वाटतं, पुस्तक वाचूनच झालं!

मराठीत याच्या अगदी उलट वाट दाखवणारी प्रस्तावना आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला, त्याला विजय तेंडुलकरांनी लिहिलेली. तेंडुलकर त्या जगातले नव्हते. ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले, न कळलेले शब्द त्यांनी विचारून घेतले, आणि आपल्याला काय कळलं नाही ते प्रस्तावनेतच मोकळेपणाने सांगितलं. कवितांचे अर्थ ते लावत बसले नाहीत. वाचकाला त्या वस्तीच्या तोंडाशी आणून उभं केलं. पुढे त्याने स्वतः जायचं.

आता आपल्या भागातलं बघू. समजा, मोखाड्याच्या एका शिक्षकाने बोहाड्यावर पुस्तक लिहिलंय आणि प्रस्तावना तुमच्याकडे आहे. देवादिकांचे मुखवटे, संबळ, रात्रभर निघणारी सोंगं, हे सगळं पुस्तकात आहेच. ते परत सांगू नका. हस्तलिखित पूर्ण वाचा आणि स्वतःला विचारा, दुसऱ्या कुणी न विचारलेलं याने काय विचारलंय?

धरून चला, त्याचा प्रश्न असा आहे: सोंग नाचवायचा मान ठरावीक घराण्यांकडे असतो, मग ते घर कामासाठी भिवंडी-वसईकडे गेलेलं असेल, तर त्या रात्री मुखवटा कोण घालतो? झालं, इथे थांबा. हा प्रश्न प्रस्तावनेत ठेवा आणि एक प्रसंग द्या. उत्तर मात्र लेखकाचं आहे, ते त्याच्याच पानावर राहू द्या.

यानंतर दोन गोष्टी सांगायच्या. एक, तुमचं या पुस्तकाशी नातं काय. एकाच शाळेत शिकवत असाल तर तसं लिहा, म्हणजे तुमचं कौतुक किती धरायचं ते वाचक ठरवेल. दुसरी, पुस्तकाची मर्यादा. लेखकाने एकाच गावचा बोहाडा पाहिला असेल तर तेही लिहा. नाहीतर जव्हारचा वाचक म्हणेल, “आमच्याकडे असं नसतं!” आणि पुस्तक मिटेल. मात्र ही मर्यादा लेखकाला आधी दाखवा, छापून आल्यावर त्याला कळू नये.

तीन-चार पानं पुरतात. शेवटी एक परीक्षा करा. ‘बोहाडा’ खोडून ‘तारपा’ लिहा. तरीही प्रस्तावना जशीच्या तशी चालत असेल, तर ती या पुस्तकाची नाहीच. परत लिहायला बसा.