पेन ड्राइव्हवरून थेट छपाई: प्रिंटरला काय वाचता येतं?

सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना छापायची होती. सेक्रेटरींनी ती वर्डमध्ये मराठीत टाइप केली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि पेन ड्राइव्ह लेझर प्रिंटरच्या पुढच्या पोर्टमध्ये लावला. छोट्या पडद्यावर यादी आली. तीत गणपतीचे फोटो होते, जुनं वीजबिल होतं, सूचना मात्र नव्हती. पेन ड्राइव्हच बिघडला, असं वाटून सेक्रेटरींनी तो दोनदा काढून लावला. पण पेन ड्राइव्ह ठणठणीत होता. फोटो जेपेगमध्ये होते, बिल पीडीएफमध्ये होतं आणि सूचना .docx होती. त्या प्रिंटरला .docx वाचता येत नव्हती, म्हणून त्याने ती यादीत घेतलीच नाही.

कॉम्प्युटरवरून प्रिंट देताना फाइल वाचण्याचं काम प्रिंटर करत नाही. वर्ड पान मांडतं, ड्रायव्हर ते प्रिंटरला कळेल अशा भाषेत उतरवतो आणि प्रिंटर फक्त छापतो. पेन ड्राइव्ह थेट लावला की मधला कॉम्प्युटर जातो आणि फाइल उलगडण्याचा भार प्रिंटरवर येतो. त्याच्या आतल्या छोट्या प्रोसेसरला मोजकेच प्रकार उमगतात.

घरगुती फोटो इंकजेटला बहुधा जेपेग चालते, काहींना टिफही. ऑफिसच्या लेझर मशीनला साधारणपणे पीडीएफ, जेपेग आणि टिफ चालतात. वर्ड किंवा पॉवरपॉइंटच्या फाइल थेट छापणारी मॉडेल आहेत, पण थोडी. आयफोनचे .heic फोटो बहुतेक प्रिंटरना कळत नाहीत. फाइलच्या नावातलं .heic खोडून .jpg लिहिल्यानेही काही साधत नाही, कारण नाव बदललं तरी आतला मजकूर तोच राहतो. फोटो जेपेग म्हणून नव्याने सेव्ह करावा लागतो.

सूचनेसाठी उपाय सोपा होता: वर्डमध्ये Save As करून PDF निवडायचं. पण मराठी मजकुराच्या बाबतीत फॉन्टकडे लक्ष हवं. प्रिंटरमध्ये आपले मराठी फॉन्ट नसतात, ते पीडीएफच्या पोटात जावे लागतात. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. असा फॉन्ट सोबत गेला नाही, तर कागदावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. म्हणून पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून Properties मध्ये Fonts पाहावं. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे Embedded किंवा Embedded Subset लिहिलेलं असेल, तर फॉन्ट सोबत आहेत. नसेल, तर सेव्ह करताना Options मध्ये PDF/A ची खूण करून पुन्हा सेव्ह करावं.

प्रिंटर फक्त फोटोच दाखवत असेल, तर पानाचीच जेपेग करता येते. ए-फोर कागदावर अक्षरं रेखीव यायला दर इंचाला 300 ठिपके लागतात. म्हणजे चित्र 2480 × 3508 पिक्सेलचं हवं. त्याहून बरंच लहान चित्र छापलं तर अक्षरांच्या कडा फुटतात. असे प्रिंटर समोर आलेली जेपेग फोटो समजून चालतात, त्यामुळे पडद्यावर फोटो पेपर आणि बिनसमासाची छपाई आधीच निवडलेली असू शकते. ती तशीच ठेवली तर चित्र थोडं मोठं होऊन कडेच्या ओळी कापल्या जातात. साधा कागद, ए-फोर आणि समासासह, असं निवडून मगच छापावं.

आता दुसरी अडचण. यादीच येत नाही, पेन ड्राइव्ह लावला तरी पडदा ढिम्म. इथे फाइलच्या प्रकाराचा संबंध नाही. पेन ड्राइव्ह कसा फॉरमॅट केला आहे, ते पाहायला हवं. विंडोजमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून Properties उघडलं की File system पुढे ते लिहिलेलं असतं. FAT32 जवळपास सगळीकडे चालतं. exFAT नव्या प्रिंटरना चालतं, NTFS अनेकांना चालत नाही. मोठ्या क्षमतेचे पेन ड्राइव्ह बहुधा exFAT मध्येच येतात, म्हणून छपाईसाठी 8 किंवा 16 जीबीचा एक साधा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवणं सोयीचं. फॉरमॅट बदलताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. पासवर्डने कुलूपबंद केलेला पेन ड्राइव्हही प्रिंटरला उघडता येत नाही. काही जुन्या प्रिंटरचं पुढचं पोर्ट तर फक्त कॅमेऱ्यासाठी असतं. त्याच्याशेजारी PictBridge ची खूण असेल, तर तिथे पेन ड्राइव्ह चालतो की नाही, हे पुस्तिकेत पाहून घ्यावं.

सेक्रेटरींनी सूचना पीडीएफ करून पुन्हा आणली. फाइलचं नावही मराठीऐवजी साधं notice.pdf ठेवलं, कारण छोट्या पडद्यावर देवनागरी नावाच्या जागी कधीकधी नुसते चौकोन दिसतात. पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावताच यादीत सूचना दिसली. आधी एकच प्रत काढून जोडाक्षरं आणि समास तपासले, मग उरलेल्या प्रती काढल्या.