लेखणी न धरणाऱ्या बालकाची परीक्षा

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांची बालके येतात. ती लिहू शकत नाहीत. पुष्कळांच्या घरी ठाकरी वा कातकरी बोली बोलली जाते. त्यांना प्रश्नपत्रिका देणे निरर्थकच. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही या वयासाठी परीक्षा वर्ज्य ठरवून निरीक्षणावर भर दिला आहे. त्याची साधने मुख्यतः दोन : पडताळासूची आणि प्रसंगनोंद.

पडताळासूचीत एकेक कौशल्य लिहिलेले असते व त्यापुढे ‘स्वतः करते’, ‘मदतीने करते’, ‘अद्याप नाही’ यांपैकी एक खूण करावयाची असते. प्रसंगनोंदीत एखादी घटना दिनांक, वेळ व स्थळासह चार-पाच ओळींत लिहितात. जमाखर्चाच्या भाषेत प्रसंगनोंद ही रोजकीर्द, तर सूची ही खतावणी होय. कीर्दीत नोंद नसेल, तर खतावणीतील आकड्याला आधार कोणता?

समजा, मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावर चार वर्षांची एक मुलगी आहे. ‘पाचपर्यंत वस्तू मोजते’ या कौशल्यापुढे ‘अद्याप नाही’ अशी खूण आहे, कारण ‘मोज’ म्हटले की ती गप्प राहते. पुढे सेविकाताई लिहितात : “खिचडीच्या वेळी पाच मुले ओळीत बसली. तिने पाच ताटल्या उचलून प्रत्येकापुढे एकेक ठेवली. सहावा मुलगा येताच ती परत गेली व एकच ताटली घेऊन आली.”

‘मुलगी हुशार आहे’ असे ताईंनी लिहिले नाही. जे दिसले तेवढेच लिहिले. अभिप्रायाची जागा वेगळी. या नोंदीवरून एकास एक संगती तिला उमगते, हे कळते. अंकांची नावे तिला येतात की नाही, हे मात्र कळत नाही. म्हणून ताईंनी दुसऱ्या दिवशी चिंचोके पुढे ठेवून तिच्याच बोलीत चार मागितले. तिने चार दिले. आठवड्यानंतर खेळात पाच मागितले, तेही बरोबर दिले. तीन निरनिराळ्या प्रसंगांनंतर खूण बदलली. उणीव मोजण्यात नव्हती, मराठी अंकनावांत होती. पुढील पाठ त्यांचाच ठरला.

एका दिवशी सर्व मुलांकडे लक्ष देणे अशक्य. रोज चार-पाच नावे ठरवून घ्यावीत. शांत मुले एरवी वहीतून निसटतात. महिनाअखेरीस एकाच बैठकीत भरलेली सूची ओळखू येते : शाई एक, खुणा एकसारख्या आणि मागे प्रसंग एकही नाही.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळातील कोरी जागा कोरीच ठेवावी. ‘अद्याप नाही’ अशी खूण करू नये. अनुपस्थिती म्हणजे असमर्थता नव्हे. मूल परतल्यावर शेवटची नोंद वाचावी आणि तेथूनच पुढे आरंभ करावा.