फ्रिज नसलेल्या दुकानात खव्याची मिठाई
मिठाईत पाणी जितकं जास्त, तितकी ती लवकर बिघडते. म्हणून ३५ अंशांपुढच्या उन्हाळ्यात कोरडा भाजलेला पेढा दोनच दिवस धरा, ओलसर कलाकंद त्याच दिवशी संपवा. क्रीम केक मांडूच नका, त्याऐवजी साधा मावा केक ठेवा.

समजा ३ किलो पेढा केला. काचेत अर्धा किलोच मांडा, बाकीचा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सावलीला. काचेतला बल्ब बंद ठेवा, आत भट्टीच होते! कालचा पेढा आजच्यात मिसळू नका. पेढा चिकट, आंबूस लागला तर फेकाच. परत भाजून विकणं धोक्याचं, कारण काही जंतूंचं विष भाजूनही जात नाही आणि त्याला वासही नसतो.